तिने उघडला, उघडली की उघडलं? इंग्रजी कथेच्या अनुवादातला भूतकाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याला नौपाड्यात आम्ही पाचसहा जण दर शनिवारी एकमेकांचे अनुवाद वाचतो. दोघं ऐरोलीहून येतात, एक जण कोपरखैरण्याहून. बहुतेकांची मराठी घरचीच आहे, बोलताना कोणी अडखळत नाही. पण समोर इंग्रजी कथा आली की याच लोकांच्या हातून ‘तिने खिडकी उघडलं’ अशी वाक्यं कागदावर उतरतात, माझ्याही. ती का उतरतात आणि कशी पकडायची, याबद्दल गटात पुन्हापुन्हा निघणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत.

भूतकाळात क्रियापद नेमकं कोणाचं ऐकतं?

कर्म असेल तर कर्माचं. ‘मुलगा आंबा खातो’, ‘मुलगी आंबा खाते’ इथे क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे बदलतं. तेच काल घडलं की ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलीने आंबा खाल्ला’. खाणारा कोणीही असो, क्रियापद आंब्याकडे बघतं. आंब्याच्या जागी चिंच आली की खाल्ली, लिंबू आलं की खाल्लं, आंबे आले की खाल्ले, चिंचा आल्या की खाल्ल्या. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणत. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो आणि तो बाजूला होतो.

बोलताना हे आपोआप जमतं, मग अनुवादात का चुकतं? माझ्या मते कारण साधं आहे. बोलताना वस्तू आपल्या डोळ्यांसमोर मराठी नावानिशी असते. अनुवाद करताना ती इंग्रजी नावानिशी असते आणि इंग्रजी नावाला लिंग नाही. ‘विंडो’ वाचून ‘उघडलं’ लिहून होतं, खिडकी हा शब्द नंतर सुचतो. किंवा आधी ‘दरवाजा उघडला’ लिहिलेलं असतं, दुसऱ्या खर्ड्यात दरवाज्याचं दार होतं आणि ‘उघडला’ तसाच राहतो.

‘तिने मुलीला पाहिली’ यात चूक काय? मुलगी स्त्रीलिंगीच आहे ना?

आहे, पण तिला ‘ला’ लागला. कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला ‘ला’ लागला की क्रियापदाला ऐकायला कोणीच उरत नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. ‘तिने मुलीला पाहिलं’, ‘तिने मुलाला पाहिलं’, ‘तिने मुलांना पाहिलं’. तिन्हीकडे ‘पाहिलं’च. हा भावे प्रयोग.

मुंबई-ठाण्याकडे ‘पाहिली’ची चूक कानावर येते त्याला शेजारही थोडा कारण आहे. गुजरातीत कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद त्या कर्माच्या लिंगाप्रमाणेच चालतं. ज्यांच्या इमारतीत चार मजले गुजराती आहेत त्यांच्या कानाला हे चुकीचं वाटत नाही. मराठीतही ‘आईने मुलाला शाळेत घातला’ अशी वळणं व्याकरणाच्या पुस्तकांनी संकर प्रयोग म्हणून नोंदवली आहेत, पण कथेच्या निवेदनात मी ती वापरणार नाही.

मात्र ‘ला’ दिसला की डोळे मिटून ‘लं’ लिहायचं, असंही नाही. ‘तिने त्याला चावी दिली’ घ्या. यात ‘त्याला’ आहे, तरी क्रियापद चावीचं ऐकतं, कारण दिली गेली ती चावी. तो फक्त घेणारा. आमच्या गटात भावे प्रयोग समजावून झाल्यावर पुढच्याच शनिवारी एकीने ‘तिने त्याला चावी दिलं’ आणलं होतं. नियम नवा शिकलेला असला की तो जरा जास्तच लावला जातो. वाक्यात प्रत्यय नसलेलं कर्म आहे का, एवढंच बघायचं. असेल तर त्याचं ऐकायचं. ‘तिने त्याला गोष्ट सांगितली’, पण गोष्ट काढून घेतली की ‘तिने त्याला सांगितलं’.

मग कर्माला ‘ला’ कधी लावायचा आणि कधी नाही?

माणसाला बहुतेक वेळा लागतो, वस्तूला बहुतेक वेळा लागत नाही. सर्वनामांत तर हा भेद पक्काच आहे. माणसासाठी त्याला, तिला, त्यांना. वस्तूसाठी तो, ती, ते. इंग्रजीतला ‘देम’ इथे हमखास पाय अडकवतो. तिने ‘देम’ पाहिलं म्हणजे पाहुण्यांना पाहिलं असेल तर ‘त्यांना पाहिलं’, चपला पाहिल्या असतील तर ‘त्या पाहिल्या’.

मधल्या जागा जास्त मजेच्या आहेत. ‘त्याने मुलगी पाहिली’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कांदेपोहे येतात. इंग्रजी कथेतल्या नायकाला रस्त्यापलीकडे एक मुलगी दिसली असेल तर तिथे ‘त्याला एक मुलगी दिसली’ म्हणा, नाहीतर वाचक लग्नाची तारीख विचारेल. तसंच ‘त्याने साप मारला’ म्हणजे साप मेला, आणि ‘त्याने कुत्र्याला मारलं’ म्हणजे कुत्रा केकाटत पळाला. मूळ कथेत काय झालंय ते बघून प्रत्यय ठरवायचा. प्रत्यय ठरला की क्रियापद आपोआप ठरतं.

इंग्रजीत एकदा वस्तूचं नाव येतं आणि पुढे पानभर ‘इट’ असतं. ते कसं सांभाळायचं?

खरी मेख इथेच आहे. यावर मी एकदा तोंडघशी पडलो होतो, तो प्रसंग सविस्तर सांगतो.

कथेत मार्था नावाची बाई होती. तिला टेबलाच्या खणात एक ‘लेटर’ सापडतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात असं होतं:

*मार्थाने खण उघडला. तळाशी एक पत्र होतं. तिने ते बाहेर काढलं, उजेडात धरलं, दोनदा वाचलं आणि घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवलं. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने ते परत काढलं, चुरगळलं आणि शेगडीत टाकलं.*

मजकूर प्रकाशकाकडे जायच्या आदल्या रात्री मला वाटलं, ‘पत्र’ फार औपचारिक आहे. प्रियकराने दोन ओळी खरडल्यात, तिला चिठ्ठी म्हणावं. मी संगणकावर शोधा-बदला केलं, सगळीकडे पत्र काढून चिठ्ठी घातली आणि झोपलो. छापायला जाण्याआधीची प्रुफं हातात आली तेव्हा ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून बघत होतो. ऐरोली सुटल्यावर ‘तळाशी एक चिठ्ठी होतं. तिने ते बाहेर काढलं’ हे वाक्य दिसलं आणि रबाळ्यापर्यंत लाल पेन थांबलंच नाही. पुढच्या पानांवर ‘पत्राचा’ होतं त्याचं ‘चिठ्ठीाचा’ झालं होतं, वेलांटी आणि काना एकमेकांच्या उरावर. आणि मार्थाचा नवरा सकाळी उठून ‘वर्तमानचिठ्ठी’ वाचत होता.

आता वरच्या एवढ्याशा परिच्छेदात किती जागा बदलाव्या लागतात ते मोजा. नाम एक. ‘ते’ दोन. क्रियापदं आठ: होतं, काढलं, धरलं, वाचलं, ठेवलं, काढलं, चुरगळलं, टाकलं. एकूण अकरा जागा, आणि शोधा-बदलाने त्यातली एकच दुरुस्त केली. उरलेल्या दहा जागांवर ‘पत्र’ हा शब्दच नाही, त्यामुळे संगणकाला त्या सापडणार कशा? मराठी भूतकाळात वस्तूचं नाव पुढच्या प्रत्येक क्रियापदात मुरलेलं असतं. नाव बदलायचं तर साखळी संपेपर्यंत हाताने जावं लागतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. या परिच्छेदाच्या लगेच पुढे ‘ते जळताना ती बघत राहिली’ हे वाक्य होतं. दहाही जागांबरोबर तेही दुरुस्त केल्यावर ते असं झालं: ‘ती जळताना ती बघत राहिली.’ जळतंय कोण आणि बघतंय कोण? चिठ्ठीही ती आणि मार्थाही ती. इंग्रजीत एक ‘इट’ आणि एक ‘शी’ असल्याने तिथे हा प्रश्न येतच नाही. शेवटी मी चिठ्ठीचा नाद सोडला आणि ‘कागद’ घेतला. ‘तिने तो बाहेर काढला, उजेडात धरला, दोनदा वाचला’ आणि शेवटी ‘तो जळताना ती बघत राहिली.’ दोन ओळी खरडलेला कागद म्हटल्यावर औपचारिकपणाही गेला.

तेव्हापासून मी कथा सुरू करण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवतो. ज्या वस्तूला कथेत पुढे पुष्कळ वेळा हाताळलं जाणार आहे, तिच्यासाठी शक्यतो त्या प्रसंगातल्या पात्राहून वेगळ्या लिंगाचा शब्द निवडायचा. बाईच्या हातात पत्र किंवा कागद, पुरुषाच्या हातात चिठ्ठी. अर्थाला धक्का लागत असेल तर अर्थ आधी, पण बहुधा दोन शब्द समोर असतातच: दार आणि दरवाजा, भांडं आणि पातेली. पात्र आणि वस्तू दोन्ही स्त्रीलिंगी ठेवणं भागच असेल तर अडचणीच्या वाक्यात सर्वनाम टाकून नाव परत घ्यायचं. मराठीत नाव पुन्हा घेतलं म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

‘त्याने कोट काढला, खुर्चीत बसला आणि चहा ओतला’ हे वाक्य खटकतं, पण का ते सांगता येत नाही.

कारण इंग्रजीत एकच ‘ही’ पाच क्रियापदांना पुरतो आणि मराठीत पुरत नाही. ‘काढला’ला ‘त्याने’ हवा, ‘बसला’ला ‘तो’ हवा, ‘ओतला’ला पुन्हा ‘त्याने’. वाक्याच्या सुरुवातीला ‘त्याने’ देऊन आपण तिन्ही क्रियापदांना त्याच्याच हवाली केलं. त्यात कोटही पुल्लिंगी. ‘त्याने कोट काढला, खुर्चीत बसला’ वाचणाऱ्याच्या मनात क्षणभर कोटच खुर्चीत बसतो.

बोलताना आपण असं बोलतो, आणि छापील पुस्तकांतही अशी वाक्यं मिळतात. म्हणून कोणी याला चूक न म्हणता सैलपणा म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण माझ्या हातात मजकूर आला तर मी दुरुस्त करतो.

दुरुस्तीचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक ठिकाणी कर्ता पुन्हा आणणं. ‘त्याने कोट काढला. तो खुर्चीत बसला. त्याने चहा ओतला.’ व्याकरण सुटलं, पण वाचताना पहिलीचं पुस्तक वाटतं. मराठीचा स्वतःचा मार्ग ‘ऊन’चा आहे. ‘कोट काढून तो खुर्चीत बसला आणि त्याने कपात चहा ओतला’, किंवा ‘कोट काढून, खुर्चीत बसून त्याने कपात चहा ओतला.’ कर्त्याचं रूप कोणावर ठरतं ते बघा. ‘ऊन’ लागलेल्या क्रियापदांना मत नाही. शेवटचं, वाक्य पूर्ण करणारं क्रियापदच ठरवतं. शेवट ‘बसला’वर असेल तर ‘तो’, ‘ओतला’वर असेल तर ‘त्याने’. कर्ता वाक्यात अगदी पहिला शब्द असला तरी हेच: ‘तिने घरी येऊन चहा केला’, पण ‘ती चहा करून घरी गेली’.

‘ऊन’ची सोय चांगली आहे म्हणून तिची आगगाडी करू नका. दोनपेक्षा जास्त डबे झाले की वाचक पहिला डबा विसरतो. शिवाय ‘ऊन’ने क्रम येतो, आधी हे आणि मग ते. इंग्रजीत दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या असतील तर ‘ऊन’ने त्या मागेपुढे होतात. तिथे ‘चहा ओतता ओतता तो हसला’ असं काहीतरी शोधावं लागतं.

तिसरा मार्ग मला स्वतःला आवडतो: क्रियापदच बदलायचं. मूळ वाक्याच्या शेवटी तो झोपी गेला असेल, तर ‘आणि तिथेच त्याला झोप लागली’ म्हणायचं. मग ‘तो’ आणि ‘त्याने’चा प्रश्नच राहत नाही आणि वाक्यही घरचं वाटतं.

कर्म असूनही ‘ने’ न घेणारी क्रियापदं कोणती?

थोडीच आहेत, पण कथेत सारखी येतात. ती साडी नेसली. तो पोहायला शिकला, आणि मराठीही शिकला. ती छत्री विसरली. तो खोटं बोलला. ती जिना चढली. या सगळ्यांत क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. ‘तिने छत्री विसरली’ हे हल्ली वाचायला मिळतं, पण कान शाबूत असलेल्या माणसाला ते टोचतं. काहींना दोन्ही वाटा चालतात: ‘तो चहा प्याला’ आणि ‘त्याने चहा प्यायला’, ‘ती सामना जिंकली’ आणि ‘तिने सामना जिंकला’. एका पुस्तकात एकच वाट धरा.

दोन क्रियापदं एकत्र आली की दुसरं काय म्हणतं ते बघायचं. ‘वाचणे’ला ‘ने’ लागतो, पण ‘लागणे’ आणि ‘शकणे’ यांना नाही. म्हणून ‘ती चिठ्ठी वाचू लागली’, ‘ती चिठ्ठी वाचू शकली नाही’. ‘येणे’ वापरलं की वाक्य पुन्हा कर्माकडे वळतं: ‘तिला चिठ्ठी वाचता आली नाही’, ‘तिला पत्र वाचता आलं नाही’. आणि ‘सुरुवात केली’ म्हटलं तर क्रियापदाचं लक्ष सुरुवातीकडे, पत्राकडे नाही. ‘तिने पत्र वाचायला सुरुवात केली.’ इथे ‘केलं’ लिहिणारे पुष्कळ भेटतात, कारण पत्र जवळ दिसत असतं. याच जातीचं ‘तिने निर्णयाचं स्वागत केलं’. निर्णय पुल्लिंगी, पण केलं ते स्वागत.

‘तो म्हणाला’ की ‘त्याने म्हटलं’?

दोन्ही बरोबर. ‘म्हणाला’ कर्त्याप्रमाणे चालतं, ‘म्हटलं’ भावे आहे. इंग्रजी कादंबरीत संवादामागून संवाद येतात आणि प्रत्येकाला ‘सेड’ लावलेलं असतं. तिथे ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ जास्त सोयीचं, कारण कोण बोललं ते क्रियापदातूनच कळतं आणि नाव गाळता येतं. ‘विचारलं’ आणि ‘सांगितलं’ यांत ही सोय नाही. ‘विचारली’ असं फक्त प्रश्नाऐवजी शंका विचारली असेल तरच. ‘तिने विचारली, तू येणार का?’ असं एका खर्ड्यात वाचलं तेव्हा गटात सगळ्यांना हसू आलं, लिहिणाऱ्यालाही.

निवेदक ‘मी’ असेल तर काही वेगळं?

‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, एवढंच. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’. ‘आम्ही’चंही तसंच. नियम तोच.

पण यात अनुवादकाला एक फार मोलाची सोय लपलेली आहे. काही इंग्रजी कथांत ‘मी’ म्हणणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं. इंग्रजीत ते फुकट जमतं. मराठीत ‘मी बसलो’ किंवा ‘मी बसले’ लिहिताक्षणी गुपित फुटतं. कर्म असलेल्या भूतकाळात मात्र फुटत नाही. ‘मी दार उघडलं, दिवा लावला, खुर्ची ओढली’ हे कोणीही केलेलं असू शकतं. एकदा असा चाळीस पानांचा मजकूर आला होता. ‘मी आत गेलो’च्या ऐवजी ‘मी उंबरा ओलांडला’, ‘मी थांबलो’च्या ऐवजी ‘माझी पावलं थांबली’, ‘मला भीती वाटली’, ‘मला आवाज ऐकू आला’ असं करत करत तो पार पाडला. सगळ्यात जास्त धोका ‘विसरणे’चा होता, कारण ते सकर्मक दिसत असूनही ‘विसरलो’, ‘विसरले’ म्हणून चुगली करतं. तिथे ‘माझ्या लक्षातून गेलं’ लिहिलं. आणि वर्तमानकाळात ही सोय अजिबात नाही. ‘मी दार उघडतो’, ‘मी दार उघडते’ दोन्हीकडे बोलणारा उघडा पडतो.

‘तू चिठ्ठी वाचली का?’ की ‘वाचलीस का?’

‘वाचलीस’. हे क्रियापद एकाच वेळी दोन मालकांची नोकरी करतं. ‘वाचली’पर्यंतचा भाग चिठ्ठीचा, शेवटचा ‘स’ तुझा. पत्र असेल तर ‘वाचलंस’, कागद असेल तर ‘वाचलास’. ‘तुम्ही’ असेल तर ‘वाचलीत’, ‘वाचलंत’, ‘वाचलात’. इकडे बोलताना ‘स’ सर्रास गळतो, आणि एखाद्या पात्राच्या तोंडी तो गळलेला ठेवायला माझी हरकत नाही. मात्र पात्र तेच असेल तर दहाव्या पानावर गळलेला ‘स’ पन्नासाव्या पानावर परत येऊ नये.

‘तिने चिठ्ठ्या वाचल्या नाही’ यात काही चुकलंय का?

‘नाही’चं ‘नाहीत’ व्हायला हवं. ‘तिने चिठ्ठी वाचली नाही’, ‘तिने चिठ्ठ्या वाचल्या नाहीत’. इंग्रजी नकारार्थी वाक्य एक वस्तू असो की दहा, सारखंच दिसतं, त्यामुळे हा ‘त’ सुटतो. ‘नव्हतं’ मात्र लिंगाप्रमाणेही बदलतं: पत्र वाचलं नव्हतं, चिठ्ठी वाचली नव्हती, कागद वाचले नव्हते.

इंग्रजीत साधा भूतकाळ आहे, म्हणजे मराठीत ‘त्याने वाचलं’च ना?

दरवेळी नाही. ‘रोज संध्याकाळी म्हातारा पेपर वाचे आणि मग मांजराला दूध देई’ असा अर्थ इंग्रजी त्याच साध्या भूतकाळात सांगते. मराठीत सवयीचा भूतकाळ वेगळा आहे आणि तिथे क्रियापद कर्त्याकडे परत जातं: तो पेपर वाचायचा, ती पेपर वाचायची, किंवा वाचत असे. ‘रोज त्याने पेपर वाचला’ म्हटलं की वाचक ‘कुठल्या दिवशी?’ असं विचारतो. परिच्छेदात ‘रोज’, ‘दर रविवारी’, ‘लहानपणी’ असं काही दिसलं की थांबून हे तपासायचं.

‘वाचले’ लिहायचं की ‘वाचलं’?

प्रकाशकाची पद्धत असेल ती. मला कथेसाठी ‘लं’ बरं वाटतं, आणि त्याला सवयीपलीकडे एक कारण आहे. ‘तिने ते वाचले’ यात एक पत्र वाचलं की बरेच कागद वाचले हे कळत नाही, कारण नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन सारखंच दिसतं. ‘वाचलं’ने ते वेगळं होतं.

अशीच एक जोडी ‘तिने ती वाचली’ची. एक चिठ्ठी, की पुष्कळ पत्रं? जुन्या छापील मराठीत ‘तीं पत्रें वाचलीं’ असे अनुस्वार असत, त्यामुळे डोळ्याला फरक दिसायचा. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ते गेल्याचं मला दुःख नाही, पण कथेत अनेक पत्रांचा गठ्ठा असेल तर मी अधूनमधून ‘सगळी’ किंवा ‘एकेक करून’ घालून वाचकाला आकड्याची आठवण देतो.

एका क्रियापदाला दोनतीन वस्तू असतील तर?

बहुतेक वेळा शेवटच्या वस्तूप्रमाणे चालतं. ‘तिने छत्री आणि रुमाल घेतला’, उलट केलं तर ‘रुमाल आणि छत्री घेतली’. यादी लांब असेल तर शेवटी ‘असं सगळं घेतलं’ म्हणून मोकळं व्हा. इंग्रजी यादीचा क्रम महत्त्वाचा नसेल तर ज्याने क्रियापद कानाला गोड लागेल ती वस्तू शेवटी टाका.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं लिंग कोण ठरवतं?

वापर ठरवतो, आणि बहुतेकांचं ठरून गेलंय. फोन केला, बॅग उचलली, तिकीट काढलं, टेबल पुसलं, लोकल पकडली, मेसेज पाठवला. पुष्कळदा आतल्या मराठी शब्दाचं लिंग त्याला चिकटलेलं असतं, कार ही गाडी म्हणून स्त्रीलिंगी वाटते. काहींचं मात्र घराघरात वेगळं आहे. ‘पेन दिलं’ म्हणणारे आणि ‘पेन दिला’ म्हणणारे एकाच घरात राहतात. ईमेल कोणी पाठवला, कोणी पाठवली, कोणी पाठवलं.

मी पुस्तक हाती घेतलं की वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करतो. एका बाजूला कथेतल्या हाताळल्या जाणाऱ्या वस्तू, समोर मी निवडलेला मराठी शब्द आणि त्याच्यापुढे तो, ती किंवा ते. पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे ही यादी सहसा जात नाही. प्रुफं वाचताना मग इंग्रजी बाजूला ठेवतो, कारण ते समोर असलं की अर्थ आपोआप लागत जातो आणि शेवटची मात्रा दिसत नाही. एकेका वस्तूवर पेन्सिलने गोल करायचा आणि तिच्या शेवटच्या क्रियापदापर्यंत मोठ्याने वाचत जायचं. लोकलमध्ये मोठ्याने वाचता येत नाही, ओठ हलवून भागवतो. समोरचे प्रवासी आधी बघतात, तुर्भ्यानंतर बघेनासे होतात.